‘असंच ना?’

आपल्या समाजात इंग्रजीच्या नावाने दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक, ज्यांना इंग्रजी येत नाही आणि त्याची लाज वाटते. दुसरी, ज्यांना थोडेफार येते आणि जी पहिल्यांची वाक्ये पुरी करून देतात. पहिल्यांविषयी आपल्या अंकांतून, परिषदांतून, शिक्षणविषयक चर्चासत्रांतून पुष्कळ लिहून-बोलून झाले आहे. मला दुसऱ्यांविषयी लिहायचे आहे, कारण मी त्यांच्यातला आहे. तीस-बत्तीस वर्षे मी हायस्कुलात इंग्रजी शिकवले, आणि त्यापेक्षा जास्त वर्षे मोहल्ल्यातल्या लोकांचे अर्ज, पत्रे, खुलासे दुरुस्त केले. या दुरुस्तीला आपण मदत म्हणतो. माझा आरोप असा आहे, की यातल्या बऱ्याच मदतीत आपण समोरच्या माणसाच्या तोंडी आपलेच बोलणे घालतो आणि खाली सही मात्र त्याची घेतो.

हा आरोप मी प्रथम स्वतःवर करतो.

आमच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी स्टोअरमध्ये मदतनीस होता. दहावी पास, मराठी माध्यम, घरी कोकणी. दुसरी पाळी, म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहा. एका सकाळी स्टोअरमधले काही सामान कमी भरले आणि त्या दिवशी ज्यांचा किल्लीशी संबंध आला होता त्या सगळ्यांकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो इंग्रजीत द्यावा अशी सक्ती नव्हती, पण साहेब बाहेरचे, आणि पोराला वाटले की इंग्रजीत दिला तर वजन पडेल. त्याने स्वतः चार ओळी लिहिल्या आणि संध्याकाळी माझ्याकडे आणल्या. तिसरी ओळ अशी होती : ‘आय वॉज गिव्ह की सुपरवायझर नाइट टेन.’

मी लाल पेन घेतले नाही, इतका तरी शहाणा होतो. साध्या पेन्सिलीने ‘गिव्ह’चे ‘गिव्हन’ केले, ‘सुपरवायझर’च्या आधी ‘बाय द’ घातले, ‘ॲट टेन’ केले, आणि वाक्य झाले : ‘आय वॉज गिव्हन द की बाय द सुपरवायझर ॲट टेन ॲट नाइट.’ वाचून दाखवले आणि विचारले, ‘असंच ना?’ तो म्हणाला, ‘होय सर.’ चहा झाला. तो गेला.

ज्याला इंग्रजी येते त्याच्या एव्हाना लक्षात आले असेल. पोराला सांगायचे होते की रात्री दहाला पाळी संपल्यावर मी किल्ली सुपरवायझरला दिली होती. मी लिहून दिले, की रात्री दहाला सुपरवायझरने किल्ली याला दिली. म्हणजे ज्या रात्री सामान गेले त्या रात्री किल्ली याच्याजवळ! अकरा दिवस त्याला कामावर घेतले नाही. शेवटी फाटकावरच्या नोंदवहीत तो दहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडल्याची नोंद सापडली म्हणून सुटला. त्या अकरा दिवसांत तो मला रस्त्यात दोनदा भेटला, सलाम केला, आणि एका शब्दाने बोलला नाही. खुलासा कोणी बिघडवला हे तेव्हा ना त्याला माहीत होते, ना मला. मला ते पुढे कळले, त्याने कागदाची प्रत दाखवली तेव्हा.

आता या वाक्याची चिरफाड जरा सावकाश करू, कारण सगळी गोम तिथेच आहे. ‘आय वॉज गिव्ह की सुपरवायझर’ यातून मराठीत किमान चार वाक्ये निघतात. ‘मी सुपरवायझरला किल्ली दिली होती.’ ‘मी किल्ली देत होतो.’ ‘मी किल्ली देणार होतो’, म्हणजे दिली नाही. आणि ‘मला सुपरवायझरने किल्ली दिली होती.’ चार वाक्ये, चार वेगळ्या घटना. आणि या प्रसंगात तर चार वेगळे गुन्हेगार. मराठीत ‘होतो-होती’ हे सगळ्यांनाच चिकटते. शिकणाऱ्याला शाळेत सांगितलेले असते की ‘होतो’ म्हणजे ‘वॉज’. त्याने ‘दिली’साठी ‘गिव्ह’ आणि ‘होती’साठी ‘वॉज’ असा प्रामाणिक हिशेब केला. ‘ला’ आणि ‘ने’ हे प्रत्यय आपल्याकडे शब्दाच्या शेपटाला लागतात. इंग्रजीत ते काम शब्दाच्या आधी येणारे ‘टु’ आणि ‘बाय’ करतात, शिवाय शब्दांचा क्रमही करतो. ते त्याला जमले नव्हते, म्हणून त्याने ती जागा रिकामी ठेवली. लक्षात घ्या, चूक लिहिली नाही, रिकामी ठेवली. ती जागा मी भरली.

मी ‘बाय’च का भरले? कारण ‘वॉज गिव्ह’ला सर्वांत कमी खाडाखोड करून शुद्ध करायचे तर एकच अक्षर वाढवावे लागते. ‘गिव्ह’चे ‘गिव्हन’ केले की व्याकरण खूश. इंग्रजी शिकवणाऱ्याच्या डोळ्याला ही सवयच असते : जिथे कमीत कमी हात लावून वाक्य उभे राहते, तोच अर्थ असणार असे तो धरून चालतो. वास्तविक कमी दुरुस्ती आणि खरा अर्थ यांचा एकमेकांशी काही करार झालेला नाही. ‘आय हॅड गिव्हन’ किंवा ‘आय गेव्ह’ करायला ‘वॉज’ खोडावा लागला असता, आणि खोडणे म्हणजे पोराला दुखावणे, असे मला वाटले. त्याला न दुखावता मी त्याला बुडवले.

दुसरी गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली आणि ती मला अधिक लागली. मराठी पोर ‘आय’ लिहिते तेव्हा त्याच्या मनात ‘मी’ असतो, करणारा ‘मी’. ‘मला’साठी त्याने ‘मी’ हा इंग्रजी शब्द पाठ केलेला असतो. तो गोंधळ आपल्याकडे विनोदाचा विषय होतो, पण पोर तो जोडा घट्ट धरून ठेवते. ‘मला दिली’ म्हणायचे असते तर त्याने ‘सुपरवायझर मी गिव्ह की’ असे काहीतरी लिहिले असते. इंग्रजीत ‘आय’ने वाक्य सुरू करून ‘मला मिळाले’ म्हणता येते, ही चैन त्याला ठाऊकच नव्हती. म्हणजे खूण कागदावरच होती. तरीही, आज मी म्हणेन, त्या खुणेवरून मी उलटा अंदाज करून लिहिले असते तर तोही अंदाजच झाला असता. बरोबर निघाला असता एवढेच. अशी खूण ही विचारायचे निमित्त असते.

आणि तो ‘होय सर’ का म्हणाला? कारण मी विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हता. ‘असंच ना?’ हे आपल्या भाषेतले मोठे लबाड वाक्य आहे. त्यात उत्तर आधीच बसलेले असते. समोर जुना शिक्षक, त्याच्या घरची चहाची बशी हातात, वाक्यात त्याचेच सगळे शब्द : वॉज, की, सुपरवायझर, टेन. त्याला ते ओळखीचे वाटले. ‘बाय’ने किल्लीची दिशा फिरवली हे ओळखता आले असते तर तो माझ्याकडे आलाच कशाला असता? ज्याला फरक कळत नाही त्याच्याकडूनच त्या फरकाची खात्री करून घ्यायची, ही कुठली रीत?

ही काही मला एकट्याला सुचलेली शंका नाही. एडिंबरो विद्यापीठातले पिट कॉर्डर १९६७ पासून हेच सांगत होते, की शिकणाऱ्याची चूक हा कचरा नसून त्याच्या डोक्यात त्या घडीला भाषेची जी व्यवस्था आहे तिचा पुरावा आहे. पुढे १९७१ साली त्यांनी या कामातला एक भेद स्पष्ट केला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. शिकणाऱ्याचे वाक्य पुन्हा उभे करण्याचे दोन मार्ग. शिकणारा समोर असेल तर त्याच्याच भाषेत त्याला विचारून घ्यायचे. ती अधिकृत मांडणी. तो समोर नसेल तर शब्दांवरून, संदर्भावरून ताडायचे. ती संभाव्य मांडणी. घोटाळा होतो तो संभाव्य मांडणीवर अधिकृत म्हणून शिक्का मारल्याने. माझा विद्यार्थी दोन फुटांवर बसला होता. त्याची भाषा मला येत होती, ती माझीही भाषा आहे. तरी मी त्याला गैरहजर धरले.

आता दुसरे उदाहरण, आणि हे आपल्या लोकांना जरा झोंबेल.

सातवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले : ‘यस्टरडे आय विल कम.’ शिकवणारे गृहस्थ चांगले होते, शेरोशायरीचे शौकीन, मुसलमानांविषयी मनापासून आपुलकी असणारे. त्यांनी ‘यस्टरडे’ खोडून ‘टुमारो’ केले आणि मला कौतुकाने सांगितले, ‘सर, उर्दूत काल आणि उद्या दोन्हीला कलच म्हणतात ना? म्हणून तुमच्या मुलींचा हा घोळ होतो.’ तर्क सुरेख होता. पण ही मुलगी कोकणी बोलणारी. तिच्या घरात काल वेगळा आणि उद्या वेगळा, तुमच्या-माझ्या मराठीसारखाच. मी तिला विचारले, ‘काय झालं होतं गं?’ ती म्हणाली, ‘सर, काल मी येणार होते, पण आजी आजारी पडली.’ ‘येणार’साठी ‘विल कम’ तिने बरोबर आणले होते. ‘होते’ कुठे बसवायचे ते कळेना, म्हणून सोडून दिले. हवे होते ते ‘आय वॉज गोइंग टु कम यस्टरडे’. गुरुजींनी तिच्या वाक्यातला एकमेव बिनचूक शब्द खोडला, आणि घडून गेलेल्या अडचणीचा पुढचा वायदा केला. मुलगी दुसऱ्या दिवशी ‘आज येईन म्हणालीस ना’ म्हणून बोलणी खायला मोकळी!

मुसलमान म्हणजे उर्दू, हे गृहीत धरणाऱ्यांवर आपण नेहमी चिडतो, आणि चिडावेच. पण मी हा किस्सा आपल्या मंडळींच्या एका बैठकीत सांगितला तेव्हा एक मित्र ताडकन म्हणाले, ‘बरोबर! आम्ही मराठी मुसलमान. आमच्या मुलांच्या चुका मराठीतूनच येणार.’ हेही तितकेच गृहीतक झाले. त्याच वर्गात सोलापूरकडून आलेली दखनी बोलणारी मुलगी होती. तिने तेच वाक्य लिहिले असते तर? कदाचित तिला खरोखरच ‘उद्या’ म्हणायचे असते. कदाचित नसते. दखनी-उर्दूतही ‘कल आनेवाली थी’ असते, आणि तिथे काल की उद्या हे क्रियापद सांगते. बोलणाऱ्याचा त्यात काही घोळ नसतो. एकेका मुलाच्या घरी आईची भाषा एक, शाळेची दुसरी, मदरशातली तिसरी. त्यातल्या कोणत्या भाषेतून हे वाक्य निघाले हे नावावरून, बुरख्यावरून किंवा आपल्या अस्मितेवरून ठरत नाही. अमुक भाषेत सांग असे म्हणण्याऐवजी ‘तुला जमेल तसं सांग’ म्हणावे, आणि ती कुठल्या भाषेत बोलते ते कान देऊन ऐकावे.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला असा, की बोलणाऱ्याला मधे अडवून विचारत बसलो तर तो गप्पच होईल. त्यापेक्षा त्याचे वाक्य शुद्ध करून सहज परत म्हणावे, म्हणजे तो ऐकून शिकेल. ऐकायला हे गोड आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडात फ्रेंच शिकणाऱ्या लहान मुलांचे वर्ग न्याहाळून १९९७ साली जे प्रसिद्ध केले, त्यात शिक्षकांच्या दुरुस्तीपैकी निम्म्याहून अधिक दुरुस्ती याच पद्धतीची निघाली. आणि तिच्यावर मुलांनी काहीतरी प्रतिसाद दिला असे प्रसंग तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होते. मुलाकडूनच वाक्य काढून घेण्याचा प्रयत्न झाला तेव्हा मात्र प्रत्येक वेळी मूल काही ना काही बोलले. प्रतिसाद म्हणजे शिकणे नव्हे, हे मान्य. पण ‘विचारल्याने मूल गप्प होते’ या समजुतीला तिथे आधार मिळत नाही. मूल गप्प होते ते हसल्याने आणि तोंडातले वाक्य काढून घेतल्याने.

दुसरा आक्षेप खरा आहे. साठ वह्या तपासायच्या असतात, प्रत्येक वाक्याला चौकशी कोण करणार? कोणीच करू नये. ‘शी गो टु स्कूल डेली’ यात विचारण्यासारखे काय आहे? मुकाट्याने ‘गोज’ करावे. तिथे ‘तुला काय म्हणायचंय?’ विचारणे म्हणजे उलट अपमान. मी एक साधी परीक्षा वापरतो. वाक्याची मनातल्या मनात मराठी करून बघायची. एकच मराठी वाक्य निघाले तर दुरुस्त करायचे आणि पुढे जायचे. दोन निघाली, पण दोन्हींत घडलेली गोष्ट तीच असली, तरी फार घोळ घालायचा नाही. दोन निघाली आणि त्यांत घटनाच वेगळी असेल, म्हणजे कोणी केले, कोणाला केले, झाले की व्हायचे होते, हो की नाही, यांत फरक पडत असेल, तर पेन खाली ठेवायचे. मूल समोर नसेल तर समासात दोन्ही अर्थ लिहून मधे प्रश्नचिन्ह टाकायचे. साठ वह्यांत अशी वाक्ये पाच-सहा निघतात, त्याहून जास्त नाही. सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. पुढे हायस्कुलात येणारी मुले शब्द भरपूर घेऊन येऊ लागली. त्यांची जोडणी तेवढी सुटी असते.

विचारायचे कसे, हीही एक कला म्हणून सांगतात; मला ती कला वाटत नाही, थोडा धीर लागतो एवढेच. वाक्याबद्दल विचारू नये, घडलेल्या गोष्टीबद्दल विचारावे. ‘दिली की दिली गेली?’ असे त्या पोराला विचारले असते तर तो पुन्हा ‘होय सर’ म्हणाला असता. ‘दहाच्या आधी किल्ली कोणाच्या खिशात होती? मग कोणाच्या?’ एवढे विचारले असते तर पुरले असते. मग दोन इंग्रजी वाक्ये शेजारी शेजारी लिहायची, दोन्हींचा अर्थ त्याच्या भाषेत सांगायचा, आणि निवड त्याच्यावर सोडायची. शेवटी कागद त्याच्या हातात देऊन म्हणायचे, यात काय लिहिलंय ते आता तू मला सांग. तिथे चूक असली तर ती हमखास उघडी पडते. आणि कधी कधी असेही होते, की माणसाला काय म्हणायचे ते त्याचे त्यालाच अजून ठरलेले नसते. अर्धे वाक्य म्हणजे दर वेळी पुऱ्या विचाराचा तुटलेला तुकडा नव्हे. विचारच अर्धा असू शकतो. तेव्हा त्याला उद्या ये म्हणावे. तो पुरा करून देण्याचा मक्ता आपल्याकडे नाही.

निवृत्तीनंतर मी जमातखान्यात बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग घेतो. सांगलीकडून लग्न होऊन आलेल्या एक बाई येतात, घरी दखनी, माझ्याशी मराठी. मुलगा इंग्रजी माध्यमात, त्यामुळे शाळेच्या डायरीत इंग्रजीत लिहावे लागते. एकदा त्यांनी डायरी पुढे केली. लिहिले होते : ‘टीचर नो बीट माय सन.’ माझ्या मनात वाक्य तयारच झाले : प्लीज डू नॉट बीट माय सन. आईची विनवणी, दुसरे काय असणार? पेन्सिल हातात होती. मी ती कानावर ठेवली आणि विचारले, ‘काय झालं, बाई?’

झाले ते असे. मुलाच्या पाठीवर वळ होता. आत्याने पाहिला आणि टीचरने मारले असे मोहल्लाभर केले. दोघे-तिघे शाळेत जाऊन तावातावाने बोलून आले. रात्री मुलाने आईला खरे सांगितले. टीचरने मारलेच नव्हते. त्या बिचारीची नोकरी जायची वेळ आली होती, आणि या बाईंना आधी तिला मोकळे करायचे होते. विनवणी नव्हती ती, साक्ष होती. मी दोन वाक्ये लिहिली, दोन्हींचा अर्थ सांगितला. त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवले आणि स्वतःच्या हाताने उतरवले : ‘द टीचर डिड नॉट बीट माय सन.’

मग मला न विचारता त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘अदर बॉय बीट.’ वळ आणि मारामारी म्हणजे टोळकेच असणार. ‘बॉय’ला एक ‘एस’ लावून द्यावा म्हणून मी हात पुढे केला, आणि मागे घेतला. विचारले, ‘मारणारे किती जण होते?’

‘एकच आहे, सर,’ बाई म्हणाल्या. ‘नाव नाही लिहायचं मला. त्याची अम्मी पण येते इथे वर्गाला.’